मशिनं वाढली, ओव्हरहेडचा दर जुनाच: फायनान्स हेडला पत्र लिहिलंय का कुणी?

वेर्णा, प्रॉडक्शन मॅनेजर
औषधांच्या बाटल्यांची झाकणं करतो. तीन मोल्डिंग मशिनं होती. वर्षाचे 12,000 मशीन तास, ओव्हरहेड 60 लाख, म्हणून तासाला 500 रुपये. दोन मशिनं वाढली. घसारा, विजेची वाढीव मंजूर मागणी, एक फिटर धरून खर्च 72 लाखांवर गेला. कोटेशन मात्र 500 नेच निघत होती आणि ऑर्डरी हातच्या जात होत्या.

मी पत्र लिहिलं: आता 20,000 तास, दर 360 करा. मॅडमनी पत्रावर पेन्सिलीनं एकच ओळ लिहून परत पाठवलं, "हे 20,000 तास कुठल्या रजिस्टरात आहेत?"

प्रश्न रास्त होता. चार महिन्यांची लॉगबुकं काढून बसलो. साचा बदलायला लागणारा वेळ, पावसाळ्यात जाणारी वीज, ऑर्डरीअभावी रिकाम्या पाळ्या. नेहमीच्या वर्षात 16,000 च्या वर तास भरत नाहीत. दुसऱ्या पत्रात 450 मागितले, लॉगबुकाचा तक्ता जोडला आणि लिहिलं की 1 ऑक्टोबरनंतरच्या जॉबनाच लावा. मंजूर झालं. तुमचे अनुभव सांगा.

डिचोली
आमच्याकडे मशिनं दुप्पट झाली तेव्हा मी सरळ दर निम्मा मागितला होता. मशीन वाढलं की दर उतरतोच ना?

कुंडई, कॉस्टिंग
उतरेलच असं नाही. खर्चही दुप्पट झाला तर दर तिथंच राहतो. तास भरले नाहीत तर तोटा होतो तो वेगळाच. वेर्ण्याच्याच आकड्यांवर बघा: 450 ठरवले आणि मशिनं 14,000 तासच चालली, तर जॉबांवर 63 लाख चढतात. उरलेले 9 लाख मालाच्या किमतीत घालता येत नाहीत, त्या वर्षाच्या नफ्यातून जातात. लेखा मानक 2 मध्येही स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवरच वाटायला सांगितलंय. मॅडम अडल्या त्या याच भीतीनं. म्हणून पत्रात तास कमी पडले तर काय, हे आपणच लिहावं. मी दर तिमाहीला फेरतपासणीचं कलम घालतो.

मडकई
आमचा ओव्हरटाइमचा दर तीन वर्षं वाढलेला नाही. त्याचं पत्र फायनान्सला द्यायचं की एचआरला?

वेर्णा
दादा, ते वेगळं. इथला दर मशीन तासावर कारखान्याचा खर्च चढवण्याचा आहे. ओव्हरटाइमचं आधी एचआरकडे द्या.

तुयें
मला एक खटकतं. तुमची नवी मशिनं जुन्यांपेक्षा वेगानं झाकणं काढत असतील. मग पाचही मशिनांना 450 कसे? आमच्याकडे एकच दर ठेवला, तर जुन्या मशिनावरचा जॉब उगाच महाग दिसायला लागला आणि सगळे नव्याच्या मागे लागले.

वेर्णा
खरंय. नव्या मशिनावर हजार झाकणांना जवळजवळ निम्मा वेळ लागतो. दोन दर मागायचे तर घसारा आणि वीज मशीनवार वेगळी काढावी लागेल, आणि नव्या दोघांना मिळून एकच मीटर आहे. मॅडमशी अजून बोललो नाही.