नीचेचा गुरू, महादशा सुरू: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूरची. माझ्या धाकट्या भावाची गुरूची १६ वर्षांची महादशा नुकतीच लागली आहे. मेष लग्न, दशमात मकरेचा नीच गुरू, २२ अंशांवर. म्हणजे भाग्य आणि व्यय या दोन्ही स्थानांचा स्वामी कर्मस्थानी दुबळा. घरचे धास्तावलेत, कारण तो बेळगावातली नोकरी सोडून धंदा काढतोय.

पण मकरेचा स्वामी शनी सप्तमात तुळेचा, उच्च आणि केंद्रात. म्हणून नीचभंग होतो, शिवाय नवांशात गुरू कर्केचा, उच्च. मला तरी हे निव्वळ वाईट वाटत नाही. जाणकारांनो, हा नीचभंग गुरूच्याच अंतर्दशेत, पहिल्या २ वर्षे १ महिना १८ दिवसांत फळतो, की पुढच्या शनीच्या अंतर्दशेत? व्ययेशत्वामुळे आधी पैसा अडकेल का?