जाहिरातीच्या पहिल्या चार ओळी

"बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपला नुकतेच डिप्लोमा झालेले इंजिनिअर हवेत. 'शॉप फ्लोअरवर शिका' अशी सुरुवात पुरेल का?"

नाही पुरणार. बरेच ट्रेनी वर्षभर सीएनसीवर जॉब चढवतात-उतरवतात, सेटिंगला कुणी हात लावू देत नाही. चंदगड-खानापूरकडच्या मुलामुलींना हे सिनिअरांकडून कळलेलं असतं. म्हणून काय आणि कोणत्या क्रमाने शिकवणार, ते सुरुवातीलाच लिहा. मी असं लिहीन:

"आधी मायक्रोमीटर, बोअर गेज आणि ड्रॉइंगवरचा टॉलरन्स. मग सेटरसोबत सीएनसी लेथवर टूल ऑफसेट. सहा महिन्यांनी साध्या जॉबचं सेटिंग तुम्ही कराल आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्याल."

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. समजा, बोअर 25 एच7 आहे, म्हणजे 25.000 ते 25.021 मिमी. पहिला पीस 24.980 आला, तर व्यास 0.030 ने वाढवून मधल्या 25.010 वर आणायला वेअर ऑफसेट किती आणि कुठल्या दिशेला द्यायचा, हे ठरवणारा माणूस ऑपरेटरच्या पुढे गेलेला असतो. पण त्यासाठी सेटरला शिकवायला वेळ द्यावा लागेल. प्रॉडक्शनच्या टार्गेटमधून तेवढी सूट देणार नसाल, तर 'सहा महिने' लिहूच नका. मुलं मध्येच सोडून जातात ती इथेच.

आणि ही 1961 च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप आहे की कायम नोकरी, तेही लगेच पुढच्या ओळीत स्पष्ट लिहा. जाहिरात मराठी आणि कन्नड दोन्हींत द्या.