उत्तर: ९५ ऑर्डरींचा दिवस पट्ट्यात कसा बसला?

> सात दिवसांची सरासरी, वरखाली तीन प्रमाण विचलनं. तरी ९५ ऑर्डरी पकडल्या नाहीत.

तुमच्या सात ओळींत आजचीही ओळ आहे. आजचा आकडा स्वतःच पट्टा ताणतो. सात आकड्यांत कुठलाही आकडा सरासरीपासून २.२७ विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही, मग तीन कसली ओलांडणार! आमच्या डब्यांच्या शीटमध्ये हेच झालं. आधीचे सात दिवस ४०, ४२, ३८, ४१, ३९, ४०, ४०, आज ९५. आज धरून शेवटच्या सात दिवसांची वरची हद्द ११०, आज वगळून आधीच्या सात दिवसांची ४४. आज `B9` मध्ये असेल तर:

```
=AVERAGE(B2:B8)+3*STDEV(B2:B8)
```

खालच्या हद्दीला अधिकऐवजी वजा. मात्र उद्यापासून सात दिवस हा ९५ खिडकीत राहतो आणि खालची हद्द शून्याखाली जाते, म्हणजे एकही ऑर्डर आली नाही तरी शीट गप्प. मी हिशेबाच्या वेगळ्या रकान्यात तो आकडा रिकामा ठेवतो.