मदत हवी आहे: हद्द २० मैलांची, मग जहाज ७२ मैलांवर कसं अडवलं?

एलएलएमच्या सेमिनारसाठी गाझाची सागरी नाकेबंदी घेतलीये. इस्रायलने ३ जानेवारी २००९ ला किनाऱ्यापासून २० सागरी मैलांपर्यंत ती जाहीर केली. पण ३१ मे २०१० ला गाझाकडे निघालेल्या कार्यकर्त्यांच्या मावी मारमारा जहाजावर इस्रायली कमांडो उतरले तेव्हा ते जहाज किनाऱ्यापासून ७२ मैलांवर होतं, आणि झेंडा कोमोरोसचा, म्हणजे युद्धाशी संबंध नसलेल्या देशाचा. हे कसं बसतं नियमात? दोन दिवस इथेच अडकलेय, प्लीज कोणीतरी सांगा.

कायदाप्रेमी: नाहीच बसत. खुल्या समुद्रात तटस्थ जहाजावर फक्त शस्त्रं शोधायला चढता येतं, आणि मारमारावर शस्त्रांचा माल नव्हता. विषय संपला.

दर्यावर्दी: दादा, तुम्ही सांगताय तो युद्धसामग्री तपासायचा नियम, तिथे माल काय आहे हे बघतात. नाकेबंदीत माल बघतच नाहीत, नुसती औषधं असली तरी रेषा ओलांडायची नाही. ऑगस्ट २००८ मध्ये कार्यकर्त्यांच्या बोटी गाझाला पोचल्या होत्या, कारण तेव्हा नाकेबंदी जाहीरच नव्हती.

ताई, अंतराचं म्हणाल तर जहाज नाकेबंदी मोडायला निघालंय असं मानायला ठोस आधार असेल तर रेषेच्या बाहेरही पकडता येतं, आणि हे लोक तर उघड सांगून निघाले होते. पण नाकेबंदी आधी कायदेशीर हवी. कधीपासून, कुठून कुठपर्यंत हे जाहीर करायचं, आत असलेल्या तटस्थ जहाजांना निघायला वेळ द्यायचा, मग समुद्रात ती खरंच राबवायची, नुसती कागदावर चालत नाही हे १८५६ पासून ठरलेलं आहे. आणि सगळ्या झेंड्यांना एकच नियम, एकाला सोडून दुसऱ्याला अडवलं की ती ढासळली.

रत्नागिरीकर: माझा भाचा २०२२ ला युक्रेनच्या बंदरात जहाजावर अडकला होता, कंपनीने तीन महिने पगार थकवला. नाकेबंदी असेल तर पगार मिळतो का हो?

दर्यावर्दी: काका, तिथे रीतसर नाकेबंदी जाहीरच झाली नव्हती. पगाराचं भाच्याच्या करारावर आहे, त्याचा वेगळा धागा काढा, नक्की बघतो.

मूळ प्रश्नकर्ती: म्हणजे मारमारावरच्या त्या कारवाईत नऊ माणसं मेली तेही कायदेशीर??

दर्यावर्दी: नाही, ते वेगळं. पकडायचा हक्क म्हणजे गोळ्या घालायचा हक्क नव्हे. आधी इशारा, आणि जहाजाने पकडायला उघड विरोध केला तरच हल्ला. संयुक्त राष्ट्रांच्या पामर समितीने २०११ मध्ये नाकेबंदी कायदेशीर धरली, पण इतक्या लांब, चढण्याआधी शेवटचा इशारा न देता केलेली कारवाई अतिरेकी ठरवली.

कायदाप्रेमी: मालाचं माझं चुकलं, मान्य. पण मानवी हक्क परिषदेच्या २०१० च्या चौकशीत नाकेबंदीच बेकायदा ठरली होती ना?

दर्यावर्दी: हो. आतल्या सामान्य लोकांचं नुकसान लष्करी फायद्यापेक्षा फार जास्त होतंय, हे त्यांचं कारण. पामरने समुद्राची नाकेबंदी आणि जमिनीवरचे बंद नाके वेगळे मोजले, यांनी एकत्र. मला एकत्र मोजणंच पटतं, गाझातल्या आईला दूध समुद्राकडून अडलं की नाक्यावर, काय फरक पडतो? पण आमच्या जुन्या बॅचमध्येच यावर दोन तट आहेत.

मूळ प्रश्नकर्ती: मग मी अंतर सोडून ह्या मोजणीवरच लिहिते. दोन्ही अहवाल आज रात्री परत वाचते.