उत्तर: शिकवणी वर्गाचा मार्केटिंग आराखडा

> "दहा हजारांचे बजेट आहे, पत्रके छापावीत की फेसबुकवर जाहिरात द्यावी?"

वरील प्रतिसादांत माध्यमांची तुलना झाली आहे, पण एका प्रवेशामागचा खर्च कुणी मांडलेला नाही. समजा, वर्तमानपत्रात पत्रके घालण्यासह 4000 रुपये लागले, 20 चौकशा आल्या आणि 5 प्रवेश झाले, तर प्रत्येक प्रवेश 800 रुपयांना पडला. याउलट, ओळखीतून विद्यार्थी आणणाऱ्या पालकांना 500 रुपयांची फीसवलत दिल्यास तो खर्च प्रवेश झाल्यावरच होतो. अर्थात, वर्ग अगदी नवा असेल तर शिफारस करणारे पालकच नसतात, म्हणून पहिल्या वर्षी पत्रके टाळता येत नाहीत. माझ्या भावाच्या वर्गात चौकशीच्या वहीत "कुठून कळले?" हा रकानाच नव्हता, त्यामुळे पत्रकांचा उपयोग झाला की नाही, हे शेवटपर्यंत समजले नाही. शाळा जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा बहुतेक रक्कम एप्रिल-मेसाठी ठेवावी.