विडी कामगार महिलांचा सर्व्हे: आधी सहा जणींशी सविस्तर बोलायचं, की थेट चाळीस घरांचा पायलट?

पूर्वभाग
सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या 400 महिलांचा सर्व्हे करायचा आहे. प्रश्न 32 आहेत, सर्व्हे सुरू होईपर्यंत हातात तीन आठवडे. आमच्यात दोन मतं पडली आहेत. काही जण म्हणतात, 40 घरांत फॉर्म भरून बघू, गोंधळ असेल तिथे दिसेलच. बाकीचे म्हणतात, आधी पाच-सहा जणींच्या कॉग्निटिव्ह मुलाखती घ्या, म्हणजे प्रश्नाचा काय अर्थ लावला आणि उत्तर कसं काढलं ते त्यांच्याकडूनच ऐका. दोन्हींना वेळ पुरेल असं वाटत नाही. काय वगळलं तर चालेल?

हिशेबनीस
मुलाखती वगळा. सहा बायकांच्या बोलण्यावरून प्रश्न बदलणं म्हणजे सहा जणींची मर्जी सांभाळणं. 40 फॉर्म हातात आले की तक्ता मांडा. ‘माहीत नाही’ कुठे जास्त आलं, कुठे रकाना रिकामा राहिला, कुठे सगळ्यांनी एकच आकडा सांगितला, कुठे वेळ खाल्ला, हे लगेच कळतं. वाईट प्रश्न आकड्यांत लपत नाही.

काठपदर
वेळेचं आणि रिकाम्या रकान्यांचं बरोबर आहे. शेवटच्या वाक्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. सगळ्यात वाईट प्रश्न तोच, ज्याला झटकन आणि स्वच्छ उत्तर मिळतं.

एकच प्रश्न घ्या: ‘तुम्ही दिवसाला किती विड्या वळता?’ बाई म्हणते, ‘हजार.’ फॉर्ममध्ये 1000. रकाना भरलेला, अडखळणं नाही, तीन सेकंदांत पुढचा प्रश्न. आता तिथेच थांबून विचारा, ‘हजार कसे मोजले? काल सकाळपासून कोणी काय केलं ते सांगा.’ मग कळतं की पानं भिजवली आणि कापली सासूने, मुलीने शाळेतून आल्यावर दोन तास वळल्या, कट्टे बांधले तिघींनी मिळून. ‘तुम्ही’ हे तिने आदरार्थी ऐकलंच नाही, ‘तुम्ही सगळ्या’ असं ऐकलं. मराठीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे चूक तिची नाही. शिवाय कारखान्याचं कार्ड तिच्या नावावर आणि मजुरी हजारी दराने, म्हणून हजार हाच तोंडात बसलेला आकडा.

या एका प्रश्नावर तुम्ही तासाची कमाई काढणार. तिघींचं काम एकीच्या नावावर लागलं तर कमाई आहे त्याहून कितीतरी जास्त दिसेल, आणि 40 काय, 400 फॉर्म भरले तरी कोणाला शंका येणार नाही.

हिशेबनीस
हजारावरची गर्दी तक्त्यात दिसेल की. मी तेच म्हणतोय.

काठपदर
गर्दी दिसेल, कारण दिसणार नाही. माल हजाराच्या हिशेबाने मिळत असेल तर खरंच हजार वळणाऱ्याही असतील. काही जणी कारखान्याने नाकारलेली छाट धरून सांगतील, काही जणी कारखान्यात पास झालेल्याच मोजतील. आकडा तोच, अर्थ तीन. कुठला अर्थ, ते बाईच सांगू शकते.

टॉवेलगल्ली
आमच्याकडे यंत्रमागाच्या फॉर्ममध्ये हीच अडचण होती. कामगाराला ‘महिन्याचा पगार’ विचारायचे, हिशेब व्हायचा आठवड्याला. अ‍ॅपमध्ये कमाल-किमान मर्यादा घातली तर भलता आकडा आत जातच नाही. तसं करा. फॉर्म भरून घेणारी मुलं नवीन असतील तर दोन दिवस ट्रेनिंगही द्या.

काठपदर
मर्यादा ठेवाच, पण त्या टायपिंगची चूक पकडतात. 1000 कुठल्याही मर्यादेत बसतो. ट्रेनिंगचा संबंध प्रश्न कसा वाचावा याच्याशी. बाईच्या डोक्यात त्याचा काय अर्थ लागला हा वेगळा मुद्दा. ‘महिन्याचा पगार’ हे उदाहरण मात्र मुलाखतीतच सापडणारं आहे. कामगार आठवड्याच्या रकमेला चारने गुणतो की पाचने, उचल वजा करून सांगतो की न करता, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

अशोकचौक
भाषेचं कोणीच बोललं नाही. पूर्व भागात निम्मं बोलणं तेलुगूत होईल. छापील प्रश्न मराठीत, आणि मुलं दारात उभं राहून मनातल्या मनात भाषांतर करणार. ‘काम’ला एक जण नुसतं ‘पनि’ म्हणेल, त्यात घरकामही आलं. दुसरा ‘बीडील पनि’ म्हणेल, त्यात फक्त विड्या. एका फॉर्मचे दोन सर्व्हे झाले. तेलुगू वाक्य आधी लिहून घ्या, देवनागरीत लिहिलं तरी चालेल, आणि मुलाखतीत तेच वाक्य तपासा. ‘मीरु’चं दुखणंही ‘तुम्ही’सारखंच आहे.

पूर्वभाग
पटतंय. पण मुलाखत म्हणजे नेमकं करायचं काय? आमच्या एका कार्यकर्तीने ‘प्रश्न समजला का?’ असं चार जणींना विचारलं, चौघी ‘हो’ म्हणाल्या.

काठपदर
‘समजलं का’ हा प्रश्न विचारूच नका. पाहुण्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही.

32 पैकी ज्यांच्यावर निष्कर्ष उभे आहेत असे आठ-दहा प्रश्न निवडा, तासाभरात एवढेच होतात. प्रश्न छापलाय तसाच वाचा, उत्तर येऊ द्या, मग मागे या: ‘हा प्रश्न मी काय विचारला, तुमच्या शब्दांत सांगा.’ ‘हे उत्तर कसं काढलंत?’ ‘यात कोणाकोणाला धरलं?’ मनातलं मोठ्याने बोलत उत्तर द्या, असं पुस्तकात असतं. सवय नसलेल्या बाईला ते अवघड जातं, ती गप्प होते. उत्तरानंतर विचारलेलं सोपं जातं. बोलणं शब्दशः टिपा, ‘प्रश्न कळला नाही’ असा शेरा नको. सासू किंवा शेजारीण बसली असेल तर पैशाचा प्रश्न त्या दिवशी तपासू नका. आणि तिचा तासभराचा हात थांबतो, त्याची मजुरी द्या.

पहिल्या फेरीत सहा जणी, पण एकसारख्या नकोत. एकटी वळणारी, लेकी-सुनांसोबत वळणारी, तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, न शिकलेली. प्रश्न बदला आणि दुसऱ्या फेरीत नव्या सहा जणींवर लावा. ही फेरी कधीच वगळू नका, कारण दुरुस्तीतूनच नवा घोळ होतो. समजा तुम्ही लिहिलंत, ‘इतरांनी वळलेल्या, कापलेल्या आणि छाट गेलेल्या सोडून तुम्ही स्वतः काल किती विड्या वळल्या?’ वाक्य बरोबर आहे, पण ऐकून लक्षात राहत नाही. त्यापेक्षा दोन तुकडे करा: ‘काल घरात एकूण किती विड्या वळल्या गेल्या?’ आणि मग ‘त्यातल्या तुमच्या एकटीच्या हातून किती?’ एकूण आकडा आधी सांगून झाला की दुसरा वेगळा काढणं जमतं.

हिशेबनीस
दोन फेऱ्यांत बाराच जणी होतात. ब्लेअर आणि कॉनराड या संशोधकांनी 2011 मध्ये 90 मुलाखतींवर हेच तपासलं होतं. लहान गटात बऱ्याच अडचणी सापडतच नाहीत, गंभीर अडचणीसुद्धा. बारा जणींवर एवढा भरवसा कशाला?

काठपदर
हे खरं आहे, आणि म्हणूनच बारा जणींनंतर ‘फॉर्म निर्दोष झाला’ असं म्हणता येत नाही. सापडलेली अडचण खरी असते; न सापडलेल्या किती, ते कळत नाही. त्यासाठीच तुमचा पायलट नंतर हवा. पहिल्या आठवड्यात सहा मुलाखती, दुसऱ्यात दुरुस्ती आणि पुढच्या सहा, तिसऱ्यात पायलट. 40 जमले नाहीत तर 25 घरं घ्या. पायलटमध्ये प्रत्येक प्रश्नापाशी खूण करायला लावा: बाईने परत विचारायला लावलं का, मुलाने शब्द बदलून वाचला का.

हिशेबनीस
25 चालतील. पण मुलाखतींच्या टिपणांवरून ‘सहातल्या चौघींना अडचण’ असली टक्केवारी अहवालात नको.

काठपदर
मान्य. एकीलाच अडचण आली आणि तिचं कारण स्पष्ट कळलं, तरी प्रश्न बदलण्याजोगा असतो.

पूर्वभाग
एक अडलंच. ‘तुम्ही दिवसाला किती विड्या वळता’ हा प्रश्न आमच्या मागच्या सर्व्हेतला आहे आणि त्याच्याशी तुलना करायची आहे. बदलला तर तुलना गेली.

हिशेबनीस
मग बदलू नका.

काठपदर
मागचा आकडा घराचा होता की बाईचा, हेच माहीत नसताना तुलना कशाशी करणार? चिठ्ठ्या टाकून 200 जणींना जुना प्रश्न विचारा, 200 जणींना नवा. फरक किती पडतो ते दिसेल.

हिशेबनीस
दोनशे-दोनशेत लहान फरक दिसणार नाही, आणि जुन्या प्रश्नाच्या अर्ध्या फॉर्ममधून तासाची कमाई निघणार नाही ती वेगळीच. मी जुना प्रश्न सगळ्यांना आधी विचारून त्यामागे नवे दोन जोडीन.

अशोकचौक
जुना आधी विचारला तर ‘हजार’ एकदा तोंडातून गेलेला असतो, मग ‘घरात एकूण’लाही हजारच येईल. दुसऱ्या फेरीत तिघींना या क्रमाने आणि तिघींना उलट क्रमाने विचारून बघा, तेलुगूतसुद्धा.