मदत हवी आहे: जीपीयू 99 टक्के दिसतो, तरी गेम अडखळतो. फ्रेम टाइमचा ग्राफ वाचायचा कसा?

रात्रपाळी_गेमर
दोन आठवडे डोकं फोडतोय. मोकळ्या जगाचा मोठा गेम आहे. घोड्यावरून पळताना दर काही सेकंदांनी मोठा हिसका बसतो. सरासरी 70 एफपीएस आहे, म्हणजे वेग कमी नाही. ऑफ्टरबर्नरमध्ये जीपीयू 98-99 टक्के आणि सीपीयू 35 टक्के दिसतो. फ्रेम टाइमच्या ग्राफवर सुळके येतात. सगळं करून झालं, काही फरक नाही. हे ग्राफिक्स कार्डामुळे होतंय की प्रोसेसरमुळे, एवढं कोणी ठामपणे सांगेल का? नवीन कार्ड घ्यायचं की नाही ते त्यावर ठरणार आहे.

तुषार_बिल्ड्स
उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. जीपीयू 99 आणि सीपीयू 35, म्हणजे कार्ड पूर्ण दमलंय आणि प्रोसेसर निवांत बसलाय. कार्ड बदला. मी स्वतः बदललं आणि सगळं सुरळीत झालं.

शांत_सरोवर
राउटर दुसऱ्या खोलीत आहे का? मलाही असेच हिसके बसायचे. केबल लावली आणि थांबले.

रात्रपाळी_गेमर
@शांत_सरोवर गेम ऑफलाइन आहे हो, नेटचा संबंध नाही.

मिलिसेकंद
तुषार, सरासरी 70 कशामुळे आहे, याचं तुमचं उत्तर बरोबर आहे. ती कार्डामुळेच आहे. पण धागाकर्त्याने हिसक्याबद्दल विचारलंय, आणि त्याचं कारण वेगळं असू शकतं.

तो 99 चा आकडा सहसा सेकंदातून एकदा मोजलेला असतो. 70 एफपीएसला एका सेकंदात 70 फ्रेम येतात. त्यातली एक फ्रेम 60 मिलिसेकंद अडकली, तरी कार्ड रिकामं बसतं ते जेमतेम 30-35 मिलिसेकंद, कारण आधी रांगेत लागलेल्या फ्रेम ते तेवढ्यात उरकत असतं. म्हणजे आकडा 99 वरून 95-96 वर येईल आणि पुढच्या सेकंदाला परत 99. तुमच्या डोळ्यांना तो दिसणारही नाही.

सीपीयूच्या 35 टक्क्यांचंही तसंच. 12 थ्रेडचा प्रोसेसर असेल तर गेमचा एक मुख्य थ्रेड पूर्ण अडकला तरी एकूण आकड्यात तो फक्त 8 टक्के भरतो.

@रात्रपाळी_गेमर, रिझोल्यूशन किती? एफपीएस कॅप किंवा व्ही-सिंक चालू आहे का? कार्डाची मेमरी किती? आणि "सगळं करून झालं" म्हणजे नेमकं काय केलं?

रात्रपाळी_गेमर
सॉरी, घाईत लिहिलं. 1440p, कॅप नाही, व्ही-सिंक बंद. 6 कोअर 12 थ्रेड, 16 जीबी रॅम, कार्ड 8 जीबीचं. ड्रायव्हर परत टाकला, सावल्या कमी केल्या, 1080p करून पाहिलं. 1080p ला एफपीएस 95 झाले, पण हिसके तसेच.

मिलिसेकंद
"तसेच" म्हणजे सुळक्याची उंची तेवढीच राहिली का? हे फार महत्त्वाचं आहे.

रात्रपाळी_गेमर
हो. खालची रेषा 14 वरून साडेदहावर आली. सुळके मात्र 60-65 लाच.

मिलिसेकंद
मग अर्धं उत्तर मिळालं. पिक्सेल कमी केले की कार्डाचं काम कमी होतं. सुळका कार्डाच्या कामाचा असता तर तोही खुजा झाला असता. तो जागचा हलला नाही, म्हणून माझा संशय सीपीयूच्या बाजूवर आहे. पण संशयावर खर्च करू नका. प्रेझेंटमॉनने एक मिनिट लॉग घ्या, 1440p वरच, आणि एका सुळक्याच्या आसपासच्या ओळी इथे टाका. `FrameTime`, `CPUBusy`, `CPUWait`, `GPUBusy` हे चार स्तंभ पुरेत.

घामाघूम
तापमान बघितलंत का? माझ्या लॅपटॉपवर 95 अंश जायचं आणि गेम अडखळायचा. पेस्ट बदलली, पंखे साफ केले, झालं. आधी पेस्ट बदला, हे ग्राफ-बिफ नंतर.

मिलिसेकंद
@घामाघूम, तापल्यामुळे घड्याळ उतरतं तेव्हा पुढच्या सगळ्याच फ्रेम लांबतात, रेषा पायरीसारखी वर चढते आणि बराच वेळ वरच राहते. इथे एकच फ्रेम लांबते आणि पुढची लगेच ठीक होते. तपासायला हरकत नाही, पण आकार जुळत नाही.

रात्रपाळी_गेमर
लॉग घेतला. तापमान कार्ड 71, प्रोसेसर 68. ही एका सुळक्याची जागा:

```
FrameTime CPUBusy CPUWait GPUBusy
14.2       8.1     6.1    13.9
14.0       8.3     5.7    13.8
63.8      63.6     0.2    14.1
 8.9       8.6     0.3    13.9
 8.4       8.2     0.2    13.8
14.1       8.0     6.1    13.9
```

सुळक्यानंतर 8.9 आणि 8.4 कसे काय आले ते कळत नाही. अडखळल्यावर गेम उलट वेगाने धावतो का?

मिलिसेकंद
उत्तम ओळी आणल्यात.

पहिल्या दोन पाहा. सीपीयूने आपलं काम 8 मिलिसेकंदांत संपवलं आणि मग 6 मिलिसेकंद कार्डाची वाट पाहत थांबला, कारण पुढची रांग भरलेली होती. `FrameTime` आणि `GPUBusy` जवळजवळ सारखे आहेत. ग्राफवर या दोन रेषा एकमेकींना चिकटून जातात. ही कार्डाने अडवलेली स्थिती, तुषार म्हणाले तीच.

आता तिसरी ओळ. फ्रेमला 63.8 लागले, पण कार्डाने त्या फ्रेमवर काम केलं ते 14.1, नेहमीइतकंच. कार्डाची रेषा सपाट आणि फ्रेमची रेषा आकाशात, म्हणजे वेळ कार्डाबाहेर गेला. `CPUWait` शून्यापाशी आहे, म्हणजे सीपीयू कार्डासाठीही थांबलेला नव्हता. तो त्याच्याच कशाततरी अडकला होता.

8.9 आणि 8.4 हा त्याचाच माग आहे. सीपीयू अडकलेला असताना कार्डाने रांगेतल्या फ्रेम संपवल्या. सीपीयू मोकळा झाला तेव्हा रांग रिकामी होती, म्हणून दोन फ्रेम त्याला थांबावं लागलं नाही. रांग भरली आणि तो परत 14 वर आला. उंच सुळका आणि लगेच दोन-तीन बुटक्या फ्रेम, ही जोडी दिसली की मी आधी सीपीयूकडे बघतो.

तुषार_बिल्ड्स
बरं, मानलं. पण 8 जीबी मेमरी भरल्यावरही असेच सुळके येतात. ते मी स्वतः पाहिलंय. तिथे कार्डच दोषी ना?

मिलिसेकंद
मेमरी ओतू जाते तेव्हा कार्डाला टेक्स्चर मुख्य रॅममधून ओढावं लागतं, मग बहुतेक वेळा `GPUBusy` सुद्धा फुगतो. इथे तो फुगलेला नाही. पण ड्रायव्हर मेमरीची हलवाहलव करताना सीपीयूलाच रोखून धरतो असंही होतं, म्हणून तुमचा मुद्दा मी पूर्ण खोडणार नाही. टेक्स्चर एक पायरी उतरवून तोच रस्ता परत धावला की कळेल.

नवखा_नितीन
मी पण लॉग काढला! माझ्याकडे `CPUBusy` 16.5 आणि `GPUBusy` 7. म्हणजे माझा सीपीयू खूप कमजोर आहे का? हिसके नाहीत तसे.

मिलिसेकंद
@नवखा_नितीन, गेममध्ये 60 ची कॅप लावली आहे का?

नवखा_नितीन
हो.

मिलिसेकंद
मग काळजी नको. `CPUBusy` हे नाव फसवं आहे. एक फ्रेम कार्डाकडे सोपवल्यापासून पुढची सोपवायला येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजला जातो, गेम कॅपसाठी मुद्दाम झोपला असेल तो वेळही. 60 ची कॅप म्हणजे 16.7 मिलिसेकंद, आणि तुमचा आकडा त्यालाच चिकटलाय. कॅप काढून मोजा. म्हणूनच मी वर कॅपबद्दल विचारलं होतं.

रात्रपाळी_गेमर
टेक्स्चर उतरवले. मेमरी 7.6 वरून 5.9 जीबीवर आली, सुळके तेवढेच आणि तिथेच. म्हणजे मेमरी नाही.

पण त्याच लॉगमध्ये धुराच्या लढाईत असं दिसलं, आणि हे सलग 40-50 फ्रेम:

```
FrameTime CPUBusy CPUWait GPUBusy
24.6       8.4    16.2    24.3
24.9       8.2    16.7    24.6
```

हा वेगळा प्रकार आहे का?

मिलिसेकंद
पूर्ण वेगळा. इथे दोन्ही रेषा एकत्र चढल्या आणि सीपीयू 16 मिलिसेकंद नुसता वाट बघतोय. हे कार्डाचं काम. धूर, पारदर्शक थर, त्यांवर पडणारा उजेड, यांची गुणवत्ता कमी केली की हा उंचवटा खाली येईल. तो सुळका नाही, टेकाड आहे. खेळताना तुम्हाला दोन्ही अडखळणंच वाटलं, म्हणून एका उपायाने दोन्ही जात नव्हते.

कोअर_मोजणारा
सीपीयूच आहे तर प्रत्येक कोअरचा ग्राफ लावा, एक 100 ला दिसेलच. मी कायम तेच बघतो.

मिलिसेकंद
नेहमी दिसत नाही. विंडोज थ्रेडला एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते, त्यामुळे एकच थ्रेड पूर्ण अडकलेला असूनही चार कोअर 50-60 दाखवतात. 100 दिसला तर पुरावा आहे, नाही दिसला म्हणून सीपीयू सुटला असं होत नाही.

कोअर_मोजणारा
माझ्या मशीनवर तरी दिसतो. प्रत्येक वेळी.

मिलिसेकंद
असेल, काही गेमांत तो इतका ठळक असतो.

@रात्रपाळी_गेमर, आता सीपीयू कशात अडकतो ते शोधू. तोच रस्ता एकाच बैठकीत दोनदा धावा आणि 50 च्या वरचे सुळके मोजा. मग संगणक रीस्टार्ट करून तिसऱ्यांदा धावा. पहिल्यांदा दिसणाऱ्या परिणामांसाठी शेडर जागेवर तयार होत असतील तर ते डिस्कवर साठतात आणि रीस्टार्टनंतरही ते सुळके परतत नाहीत. फायली वाचण्यामुळे असतील तर रॅममधला साठा गेल्यामुळे परततील. सुरुवात करण्याआधी ड्रायव्हरचा शेडर साठा पुसा.

रात्रपाळी_गेमर
केलं. पहिली फेरी 9 सुळके. दुसरी 3. रीस्टार्टनंतर 4. त्यातले तीन दर वेळी एकाच जागी येतात: पूल ओलांडताना एक आणि शहराच्या वेशीपाशी दोन.

मिलिसेकंद
म्हणजे बहुतेक शेडर होते, आणि ड्रायव्हर परत टाकून तुम्ही नकळत तो साठा पुसत होतात. आता ड्रायव्हरला हात लावू नका. उरलेले तीन म्हणजे नवा प्रदेश लोड होताना मुख्य थ्रेड थांबतो. गर्दीची घनता आणि दृश्याचं अंतर कमी करून बघा.

रात्रपाळी_गेमर
गर्दी कमी केल्यावर वेशीचे 64 चे सुळके 48 झाले. पुलाचा तसाच. धूर मध्यमवर ठेवला तर टेकाड 24 वरून 17 ला आलं. कार्ड तूर्त घेत नाही. प्रोसेसर वेगवान घेतला तर पुलाचा जाईल का?

तुषार_बिल्ड्स
नक्की जाईल.

मिलिसेकंद
खुजा होईल, जाईल असं मी म्हणणार नाही. ते काम एकाच फ्रेममध्ये कोंबलेलं आहे आणि ते गेम बनवणाऱ्यांनाच अनेक फ्रेममध्ये वाटावं लागेल. कोणाकडे याच पुलाचा दुसऱ्या प्रोसेसरवरचा लॉग असेल तर टाका, तुलना करू.

शांत_सरोवर
माझ्याकडे हा गेम आहे. रविवारी काढतो. तो स्तंभ कुठे दिसतो ते तेवढं सांगा.